फोनच्या उभ्या पडद्यावर अभंग: समास, चरण आणि अक्षराचा आकार, क्रमाने

आषाढ जवळ आला की नागपुरातल्या भजनी मंडळांच्या चित्रफिती माझ्याकडे येऊ लागतात. आवाज स्वच्छ असतो, टाळ-मृदंग बरोबर लागलेला असतो, पण पडद्यावरच्या ओळी वाचता येत नाहीत. शेवटचा चरण बटणांखाली गेलेला असतो, एखादा शब्द मधूनच तुटलेला असतो, किंवा अक्षर इतकं बारीक असतं की ज्या आज्यांसाठी ते लिहिलंय त्याच फोन नातवाकडे देऊन म्हणतात, "वाच रे जरा."

या चुकांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, कामाचा उलटा क्रम. आधी आवडीचा फॉन्ट आणि आकार ठरतो, मग त्यात मजकूर कोंबला जातो, आणि कडेला काय झाकलं जातंय ते अपलोड केल्यावर कळतं. खरा क्रम असा आहे: आधी मजकूर शुद्ध करायचा, मग मोकळी जागा आखायची, मग ओळी तोडायच्या, आणि त्यानंतरच अक्षराचा आकार ठरवायचा.

उदाहरणाला आमच्या मंडळातल्या एका काकूंनी उन्हाळ्यातल्या पाणपोईवर रचलेला अभंग घेते. १०८० रुंद आणि १९२० उंच अशा उभ्या चौकटीसाठी तो मांडायचा आहे.

उन्हाच्या झळांत । पाणपोई दारी ।
तहानच सारी । ओंजळीत ॥१॥

वाटसरू घेई । घोट घोट पाणी ।
देई गोड वाणी । आशीर्वाद ॥२॥

## १. मजकूर आधी शुद्ध करून घ्या

मंडळाच्या जुन्या वह्या अनेकदा छापखान्यातून टाइप करून घेतलेल्या असतात, आणि त्या फाइली कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्यातला मजकूर व्हिडिओच्या ॲपमध्ये चिकटवला की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलून घेतल्यावरही तो तसाच वापरू नका. पहिली वेलांटी आणि रफार या दोन गोष्टी रूपांतरात सर्वांत जास्त घसरतात. आपल्या अभंगातला 'आशीर्वाद' हा शब्द म्हणूनच मुद्दाम तपासायचा. रफार 'वा'वरच आहे ना? शेजारच्या 'शी'वर सरकला असेल तर तो शब्द पुसून हाताने पुन्हा टाइप करणं सर्वांत सोपं.

मराठीत आणखी एक चूक नेहमी होते. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांत अर्धा र आडवा येतो, रफार होत नाही. कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त आणि मग य किंवा ह जोडला की तो बरोबर उमटतो. साधा र घेतलात तर 'वार्यावर' होतं, आणि गाणाऱ्याचा उच्चारही अडखळतो.

दंडाचंही बघा. 'ओंजळीत ॥१॥' यात शब्द आणि दंड यांच्यामध्ये साधी मोकळी जागा ठेवली तर ओळ भरल्यावर ॥१॥ एकटंच खाली उतरतं. तिथे न तुटणारी मोकळी जागा टाका. युनिकोडमध्ये तिचा क्रमांक `U+00A0` आहे. फोनच्या कीबोर्डवर ती मिळत नसेल तर दंड शब्दाला चिकटवूनच लिहा. जागा नसलेली बरी, पण दंड एकटा पडू नये.

तपासा: सगळा अभंग साध्या नोंदवहीच्या ॲपमध्ये चिकटवा आणि मोठ्याने वाचा. ऱ्य, रफार, अनुस्वार आणि दंड इथेच बरोबर झाले पाहिजेत. पुढे चित्रफितीत दुरुस्ती करायची म्हणजे प्रत्येक पाटी पुन्हा उघडावी लागते.

## २. अक्षर ठेवण्याआधी समास आखा

फोनवर उभी चित्रफीत चालते तेव्हा तिच्यावर ॲपच्या स्वतःच्या गोष्टी येऊन बसतात. वर शोधाचं किंवा परतीचं बटण असतं, खाली नाव, मजकूर आणि गाण्याची पट्टी, आणि उजवीकडे खालच्या भागात पसंतीची व शेअरची बटणं. प्रत्येक ॲपमध्ये ही जागा थोडी वेगळी असते आणि अधूनमधून बदलतेही. म्हणून मी एकाच ॲपपुरतं माप धरत नाही. १०८० × १९२० च्या चौकटीत वर २७०, खाली ६७० आणि दोन्ही बाजूंना १२० पिक्सेल सोडते. अक्षरासाठी उरते ८४० रुंद आणि ९८० उंच अशी पेटी.

खालचे ६७० बघून पुष्कळ जण दचकतात. जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामा? रिकामा नाही. तिथे गाणाऱ्यांचे हात, टाळ, समई दिसू द्या. फक्त अक्षर तिथे नको.

बाजूच्या १२० मागे एक हिशेब आहे. आजचे बरेच फोन ९:१६ पेक्षा उंच असतात, साधारण ९:२०. काही ठिकाणी चित्रफीत अख्खा पडदा भरेल अशी ताणली जाते, आणि मग बाजू कापल्या जातात. ९:१६ ची चौकट ९:२० च्या पडद्यावर पूर्ण भरली तर १०८० पैकी मधले ८६४ पिक्सेलच दिसतात, म्हणजे प्रत्येक बाजूचे १०८ जातात. १२० सोडले असतील तर तशा फोनवरही पहिलं अक्षर शाबूत राहतं.

आता या टप्प्यातली सर्वांत महाग चूक. ॲपमधलं 'मध्यभागी' हे बटण दाबलं की मजकूर चौकटीच्या मध्यावर, म्हणजे वरून ९६० वर बसतो. आपली पेटी मात्र २७० पासून १२५० पर्यंत आहे, तिचा मध्य ७६० वर येतो. हा दोनशे पिक्सेलचा फरक पुढे शेवटचा चरण खाऊन टाकतो. माझ्या पहिल्या चित्रफितीत नेमका 'ओंजळीत' हा शब्दच खाली गेला होता. तहान कुठे गेली ते कुणालाच वाचता आलं नाही, आणि तोपर्यंत ती फीत सगळ्या गटांत पोचली होती.

कृती: ८४० × ९८० चा अर्धपारदर्शक चौकोन करा, वरून २७० वर ठेवा आणि काम संपेपर्यंत तो थर पुसू नका. निर्यात करताना फक्त लपवा.

## ३. ओळ चरणावर तोडा

हा मोठा अभंग आहे. चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा, चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात: दारी–सारी, पाणी–वाणी. वहीत आपण दोन-दोन चरण एका ओळीत लिहितो, कारण कागद आडवा पुरतो. फोनच्या पडद्यावर तसं लिहायला गेलं की दोन चरण बसवण्यासाठी अक्षर लहान करावं लागतं. बारीक अक्षराची तक्रार बहुतेक वेळा इथेच जन्माला येते.

उभ्या पडद्यावर एका ओळीत एकच चरण:

उन्हाच्या झळांत
पाणपोई दारी
तहानच सारी
ओंजळीत ॥१॥

चरण आता ओळीनेच वेगळा झाला, त्यामुळे मधले एकेरी दंड काढले तरी चालतात. शेवटचा ॥१॥ ठेवा. कडवं संपलं आणि आता ध्रुवपदावर यायचं, ही खूण गाणाऱ्याला त्यातून मिळते.

यमकही आता दिसू लागलं. 'दारी' आणि 'सारी' एकाखाली एक आले. शेवटची ओळ लहान राहते, ती तशीच राहू द्या. ती भरण्यासाठी तिसऱ्या चरणातला शब्द खाली ओढला की चाल मोडते.

चरण लांब असेल तर? आठ अक्षरांचा चरण बहुतेक वेळा बसतो. ओवीत किंवा लावणीच्या ढंगाच्या रचनेत ओळ पेटीबाहेर गेली, तर गाताना श्वास जिथे थांबतो तिथे तोडा आणि पुढचा तुकडा साधारण ६० पिक्सेल आत सरकवा. आत सरकलेली ओळ ही मागच्याच ओळीचा भाग आहे हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. 'घोट घोट' सारखी जोडी, क्रियापद आणि त्याचं 'आहे', नाम आणि त्याला लागून येणारं 'साठी' किंवा 'वरून', हे मात्र तोडू नका.

सावधान: ॲपला ओळ आपोआप तोडू देऊ नका. मजकुराची पेटी मुद्दाम रुंद ठेवा आणि प्रत्येक चरणानंतर स्वतः नवी ओळ घ्या. पेटी अरुंद असली की काही ॲप शब्दच मधून तोडतात. 'ओंजळी' एका ओळीत आणि 'त' पुढच्या ओळीत, असं मी पाहिलंय.

संगणकावर `.ass` उपशीर्षक फाइल करणाऱ्यांनी सुरुवातीलाच हे लिहावं:

```
[Script Info]
ScriptType: v4.00+
PlayResX: 1080
PlayResY: 1920
WrapStyle: 2
```

`WrapStyle: 2` म्हणजे ओळ आपोआप तुटणार नाही, फक्त तुम्ही `\N` लिहाल तिथेच तुटेल. याच फाइलीत `Fontsize` चा आकडा ओळीच्या पूर्ण उंचीवरून धरला जातो. मुक्तासारख्या ऐसपैस उंचीच्या फॉन्टमध्ये इतर ॲपइतकं अक्षर हवं असेल तर दीडपटीहून जास्त आकडा टाकावा लागतो. आकड्यावर न जाता पुढच्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे मोजून घ्या.

## ४. आता फॉन्ट आणि आकार

फॉन्ट निवडताना तीनच गोष्टी बघा. रेघा पुरेशा जाड आहेत का, जोडाक्षरं नीट जुळतात का, आणि ल व श मराठी वळणाचे आहेत का. शेवटच्या परीक्षेसाठी 'लाल शाल' टाइप करून पाहा. बऱ्याच फॉन्टमध्ये भाषा सांगितली नाही तर हिंदी वळणाचा ल येतो, आणि व्हिडिओच्या ॲपमध्ये भाषा सांगायची सोय क्वचितच असते. वाचता दोन्ही येतात, पण अभंगाखाली मला मराठी ल पाहिजे, म्हणून मी फॉन्ट इथेच पारखून घेते. टिरो देवनागरी मराठीत ही वळणं सुंदर आहेत, मात्र त्याच्या रेघा नाजूक आहेत. शीर्षकाच्या मोठ्या अक्षराला तो शोभतो, ओळींना मी तो लावत नाही. ओळींसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, मध्यम किंवा अर्धजाड वजनात. गटांतून फिरताना चित्रफीत दाबली जाते आणि बारीक रेघा सर्वांत आधी विरघळतात.

आकाराचा आकडा एका फॉन्टवरून दुसऱ्याला लावता येत नाही. दोन फॉन्टमध्ये तोच ७२ आकडा लावा, एकाचं अक्षर दुसऱ्यापेक्षा लहान दिसेल. म्हणून शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून 'प'च्या कान्याच्या तळापर्यंतची उंची मोजा. साडेसहा इंची फोनचा पडदा साधारण ६८ मिलिमीटर रुंद असतो. १०८० पिक्सेल त्यात बसले, म्हणजे मिलिमीटरला जवळपास १६ पिक्सेल. चाळिशी लागलेल्या माणसाने हातभर अंतरावर फोन धरून गात-गात वाचायचं, तर ही उंची तीन मिलिमीटरच्या खाली नको. म्हणजे किमान ४८ पिक्सेल, आणि आमच्या मंडळासाठी मी ६० च्या वर जाते.

आपल्या अभंगात सर्वांत रुंद ओळ 'उन्हाच्या झळांत'. मोजणी याच ओळीवर करा आणि जो आकार ठरेल तोच सगळ्या कडव्यांना ठेवा. मुक्तात ११२ आकाराला ही ओळ सहाशेच्या थोडी वर जाते, ८४० मध्ये आरामात बसते, आणि अक्षराची उंचीही ६० च्या वर मिळते. हेच दोन चरण एका ओळीत ठेवले असते तर ११२ ला ओळ हजाराच्या पुढे गेली असती आणि आकार ७२ च्या आसपास उतरवावा लागला असता.

सावधान: जास्त शब्दांच्या कडव्याला लहान आणि कमी शब्दांच्या कडव्याला मोठं अक्षर, असं करू नका. पाटी बदलली की डोळा आधी आकार जुळवतो, मग शब्द वाचतो, तोवर पहिला चरण गाऊन झालेला असतो. एखादं कडवं बसत नसेल तर त्याच्या दोन पाट्या करा.

## ५. ओळींमधलं अंतर

देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, एकावर एक बसलेली जोडाक्षरं. रोमन अक्षरांच्या सवयीचं १.२ पट अंतर इथे पुरत नाही. १.५ ते १.६ पट ठेवा. मी १.५५ धरते.

११२ चे १.५५ पट म्हणजे साधारण १७४. चार ओळींचे ६९६. हा गठ्ठा ७६० मध्य धरून ठेवला तर तो ४१२ ते ११०८ मध्ये बसतो, वर-खाली दीडशेच्या आसपास जागा उरते. हाच गठ्ठा ॲपच्या 'मध्यभागी' बटणाने ९६० वर नेला तर तो १३०८ पर्यंत जातो. शेवटची ओळ ११३४ ते १३०८ मध्ये येते, आपली हद्द १२५० ची. माझा 'ओंजळीत' असाच गेला होता.

तपासा: एका ओळीत 'ट्टू द्रू हृ' आणि तिच्या लगेच खाली 'र्वीं र्तीं कैं' टाइप करा. वरचा उकार आणि खालचा रफार एकमेकांना भिडत असतील, किंवा पेटीच्या वरच्या कडेला अनुस्वार कापला जात असेल, तर अंतर कमी पडतंय. पहिल्या ओळीचा अनुस्वार कापला जाणं हा सहज नजरेतून सुटणारा दोष आहे. 'झळांत' चं 'झळात' झालेलं घाईत लक्षात येत नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवायची सरकपट्टी शून्यावरच ठेवा. ती वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा होतो.

## ६. रंग, कडा आणि हालचाल

भगवी अक्षरं काळपट पार्श्वभूमीवर संगणकात झळाळतात आणि फोनवर पोचेपर्यंत पुसट होतात. चित्रफितीत उजेड-अंधाराची माहिती पूर्ण साठवली जाते, पण रंगाची माहिती सहसा आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना निम्म्याने कमी केलेली असते. जे अक्षर पार्श्वभूमीपासून फक्त रंगाने वेगळं आहे, त्याच्या कडा फुटतात. लाल आणि भगव्यात हे सर्वांत जास्त जाणवतं. म्हणून अक्षर पांढरं किंवा दुधी, आणि भगवा रंग त्यामागच्या पट्टीला किंवा बाजूच्या वेलबुट्टीला द्या. पट्टीचा भगवा मात्र गडद, विटकरीकडे झुकणारा घ्या. फिकट भगव्यावर पांढरं अक्षरही हरवतं.

अक्षराभोवती काळी कड देण्याचा मोह होतो. बऱ्याच ॲपमध्ये कड प्रत्येक आकाराला वेगळी लागते आणि जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा जुळतात तिथे उभी काळी रेघ उमटते. त्यापेक्षा अक्षरामागे साठ टक्के काळी मऊ पट्टी ठेवा, किंवा पसरट सावली द्या.

एकेक अक्षर उमटत जाण्याची हालचाल देवनागरीला चालत नाही. 'शि' लिहिताना वेलांटी श च्या आधी दिसते पण साठवली नंतर जाते, जोडाक्षर तर तुकड्यांतच येतं. मग पडद्यावर आधी हलन्त, मग अर्धं अक्षर, मग पूर्ण, असा थरथराट होतो. अख्खा चरण एकदम आणा, फार तर शब्द-शब्द उजळा. चरण गायला सुरुवात होण्याच्या किंचित आधी, पाव-अर्ध्या सेकंदाने तो पडद्यावर हवा. आणि चरण तीनदा आळवला जात असेल तर पाटी तीनही वेळा तिथेच राहू द्या.

## ७. खऱ्या फोनवर, खऱ्या उन्हात

संगणकाच्या मोठ्या पडद्यावर सगळंच छान दिसतं, म्हणून ती तपासणी मी धरत नाही. निर्यात केलेली फीत आधी स्वतःलाच पाठवा, म्हणजे ती दाबली जाईल, आणि दाबलेली प्रत तपासा. मग पुढचं करा.

१. जिथे टाकायची आहे त्या ॲपमध्ये मसुदा म्हणून चढवा आणि पूर्वदृश्याचा स्क्रीनशॉट घ्या. सर्व चरण बटणांपासून मोकळे आहेत का बघा.

२. जमल्यास जुना, लहान फोन घ्या. प्रकाश निम्मा करा आणि दुपारी बाहेर उभं राहून वाचा. मी बर्डीवर बसची वाट बघताना हे करते. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात जे अक्षर वाचता येतं ते देवघरातल्या मंद दिव्यातही वाचता येतं.

३. आवाज बंद करून चष्म्याशिवाय हातभर अंतरावर धरा. चरणाचा शेवटचा शब्द वाचता यायला हवा, पहिला नव्हे. पहिला शब्द पाठांतरानेही ओळखला जातो.

४. शेवटी फीत अशा एका माणसाला द्या ज्याने हा अभंग आधी ऐकलेला नाही, आणि गाणं न लावता वाचायला सांगा. आमच्या काकूंच्या अभंगात ती व्यक्ती 'तहानच सारी' नंतर थांबली होती. मला वाटलं अक्षर लहान पडलं. विचारलं तर म्हणाली, "'ओंजळीत' उशिरा आलं." मी शेवटची ओळ वेगळ्या हालचालीने अर्धा सेकंद उशिरा आणली होती. चारही ओळी एकत्र आणल्या आणि ती सलग वाचत गेली.